दोघांचा पत्त्यांचा खेळ : आधी होडी घेणारा दर वेळी जिंकतो, किंमत नेमकी कुठे चुकते आहे?

हर्णैचा_बंड्या

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यात मासेमारीला बंदी असताना घरी बसून दोघांनी खेळायचा एक पत्त्यांचा खेळ तयार केला. नाव ठेवलंय 'हंगाम'. एकेक पाळी म्हणजे एकेक महिना, ऑगस्ट ते मे अशा दहा पाळ्या. मग १ जूनला बंदी लागते आणि खेळ संपतो. पैसे म्हणून चिंचोके वापरतो.

सुरुवातीला हातात १ चिंचोका असतो, शिवाय दर महिन्याला २ मिळतात. मासे विकत घेतले की गुण मिळतात : मांदेली १ ला, बांगडा २ ला, सुरमई ६ ला. जेवढी किंमत तेवढेच गुण. होडीचा पत्ता ३ ला आहे. त्याचे गुण नाहीत, पण घेतल्याच्या पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला १ चिंचोका जास्त येतो. एकाला जास्तीत जास्त तीन होड्या घेता येतात.

अडचण अशी की जो पहिल्या तीन महिन्यांत तीन होड्या घेतो तोच जिंकतो. एकाने होड्या घेतल्या आणि दुसऱ्याने मासे, असे १६ डाव आम्ही खेळलो, त्यातले १३ होडीवाल्याने जिंकले. आता दोघंही डोळे मिटून होड्याच घेतात आणि खेळातली मजाच गेली. होडी ४ ला करू की ५ ला?

नाना_कुडाळ

वा, कोकणातला पत्त्यांचा खेळ म्हटल्यावर आनंद झाला. सावंतवाडीच्या गंजिफा बघितल्यास का? गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा बारा, म्हणजे १२० पत्ते असतात. तुझ्या पत्त्यांना तसा लाखेचा हात दिलास तर ओल्या हवेतही टिकतील. रंगाची माहिती हवी असेल तर विचार.

हर्णैचा_बंड्या

नाना, पत्ते सध्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे आहेत. रंगाचं नक्की विचारीन, आधी किमतींचा गुंता सुटू दे.

विद्या_रत्नागिरी

बंड्या, १६ पैकी १३ वर लगेच विसंबू नकोस. नुसतं नाणं उडवलंस तरी १६ मध्ये ४ ते १२ एवढी ये-जा सहज होते. १३ त्याच्या जेमतेम बाहेर आहे. शिवाय मला विचारायचंय, होडीवाला दर वेळी तोच माणूस होता का?

हर्णैचा_बंड्या

बहुतेक वेळा माझा मावसभाऊ. तो खेळतोही चांगला, हे खरं.

विद्या_रत्नागिरी

मग त्या आकड्यात माणूस आणि होडी एकत्र मिसळलेत. पण तुझा संशय खरा आहे, आणि तो डाव न खेळता कागदावर दिसतो.

ऑगस्टात घेतलेली होडी सप्टेंबर ते मे असे नऊ चिंचोके देते. किंमत ३, म्हणजे नफा ६. सप्टेंबरात घेतलेली आठ देते, नफा ५. ऑक्टोबरातली सात देते, नफा ४. तिन्ही मिळून १५. पैसेही वेळेवर पुरतात : ऑगस्टात ३, सप्टेंबरात ३, ऑक्टोबरात ४. एकही होडी न घेणाऱ्याकडे हंगामभरात २१ चिंचोके येतात. तीन होड्या घेणाऱ्याकडे होड्यांचा खर्च वजा जाऊन ३६ उरतात. चिंचोका म्हणजेच गुण, तेव्हा पंधरा गुणांची दरी. त्यापुढे मावसभावाचं कौशल्य ते काय उरलं.

आता फेब्रुवारीत घेतलेली होडी बघ. ती मार्च, एप्रिल, मे असे तीनच देते. ३ ला घेतली, ३ आले, नफा शून्य. म्हणजे तू लिहिलेली ३ ही किंमत चुकीची आहे असं नव्हे. ती फेब्रुवारीची किंमत आहे आणि तू ती ऑगस्टात लावली आहेस.

हर्णैचा_बंड्या

ताई, हे असं कधी सुचलंच नव्हतं. मग ऑगस्टची किंमत लावतो. ५?

विद्या_रत्नागिरी

५ केलीस तर पहिली होडी सप्टेंबरात येईल आणि नफा ३ राहील. म्हणजे ती घ्यायलाच हवी. ६ केलीस तर ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल, नफा १. तरी घ्यायलाच हवी, फक्त आता दोन महिने कुणी काहीच करत नाही. ७ केलीस तर ऑक्टोबरातच येईल आणि नफा शून्य. मग कुणी घेणारच नाही.

'घ्यायलाच हवी' आणि 'घेऊच नये' यांच्या मध्ये तुझ्या खेळात जागाच नाही. किंमत सरकवली की एका बाजूने दुसऱ्या बाजूला पडतोस. होडीला तोलणारं दुसरं काही टेबलावर नाही, हे मूळ दुखणं आहे.

एक होडी दोघांनाही सुरुवातीलाच फुकट देऊन टाक. ज्याला नाही म्हणता येत नाही त्या पत्त्यासाठी खेळणाऱ्याच्या पाळ्या कशाला खर्च करायच्या?

तांडेल_वेंगुर्ला

माका पत्त्यांतला काय कळना नाय, पण होडीतला कळता. होडी घेतली म्हणान दुसऱ्याच महिन्यात पैसो येता असा कोणी सांगितल्यान? डिझेल आसा, खलाशांचो वाटो आसा, जाळ्याची डागडुजी आसा. दर महिन्याक होडीमागे खर्च लाव, मगे बघ किती जण होडी घेतत ते.

विद्या_रत्नागिरी

तांडेल, तुमचा खर्च खरा आहे. पण खेळात दर महिन्याचा खर्च लावला की होडीची कमाई तेवढी घटते एवढंच होतं. घटूनही नफा उरला तर सगळे घेणार, नाही उरला तर कुणीच नाही. बंड्याची अडचण आहे तिथेच राहते.

तांडेल_वेंगुर्ला

बरा. मगे होडी नसलेल्यान काय करूचा ता सांग. आमच्याकडे होडी नसली तरी माणूस जगता. बंदी उठल्यार पयल्या दिवसांत मासो कमी आणि गिऱ्हाईक जास्त. हॉटेलवालो दारात उभो ऱ्हवता. तेव्हा जेच्याकडे सुरमय आसा तो राजा. आणि दुसऱ्याक राजा होवक देवचो नसलो तर मासो बर्फात घालून ठेवचो.

हर्णैचा_बंड्या

तांडेलकाका, तुम्ही खेळच दिलात मला! दोन दिवस द्या.

हर्णैचा_बंड्या

नवीन नियम असे बसवलेत. दोघांना एकेक होडी आधीच आहे, त्यामुळे दर महिन्याला ३ चिंचोके येतात. हातातला सुरुवातीचा एक काढून टाकला. आणखी होडी ऑगस्ट-सप्टेंबरात ५ ला, त्यानंतर ७ ला. सुरुवातीच्या ओळीत बांगडे दोन आणि सुरमई एकच, दुसरी सुरमई नोव्हेंबरात येते. हॉटेलवाल्याचा पत्ता टेबलावर उघडा असतो : ऑक्टोबर संपायच्या आत ज्याच्याकडे एक बांगडा आणि एक सुरमई असेल त्याला ५ गुण जास्तीचे. त्यानंतर हॉटेलवाला दुसऱ्या बंदरावर जातो. बर्फाचा पत्ता २ ला : ओळीतला एक मासा झाकायचा, पुढचे दोन महिने समोरच्याला तो घेता येत नाही.

चार डाव झाले. बर्फ कुणीच घेत नाही. ताई, जरा बघाल का?

विद्या_रत्नागिरी

बघितलं, आणि आता खेळात जीव आलाय. सगळं सप्टेंबरात ठरतं. ऑगस्टात काही घेतलं नाही तर सप्टेंबरात दोघांकडे ६ चिंचोके असतात, आणि त्या सहांचे तीन रस्ते आहेत.

पहिला, सहाची सुरमई घ्यायची आणि ऑक्टोबरात बांगडा घेऊन हॉटेलवाला गाठायचा. होडी नाही. हंगामाचे ३० आणि वरचे ५ मिळून ३५. दुसरा, पाचची होडी. ती आठ देते, नफा ३, एकूण ३३. हा ऑक्टोबरपर्यंत सुरमई आणि बांगडा मिळून आठ जमवू शकत नाही, त्याच्याकडे पाचच असतात. तिसरा, होडी घ्यायची आणि समोरच्याची सुरमई बर्फात घालायची. पण होडीचे ५ आणि बर्फाचे २ म्हणजे ७, आणि हातात ६. एक चिंचोका कमी पडतो, होडी ऑक्टोबरावर जाते, तिथे ती ७ ला आहे आणि नफा शून्य. बर्फाचे दोन वजा जाऊन उरले २८. कोण घेणार?

बर्फ १ ला कर. मग ५ आणि १ मिळून बरोबर ६ होतात आणि बर्फवाल्याचे ३२ होतात. किंमत एका चिंचोक्याने उतरली आणि हिशेब चार गुणांनी बदलला. कारण त्या एका चिंचोक्यापायी अख्खा महिना हुकत होता. लहान खेळात सगळ्यात जास्त फसवतं ते हेच. किंमत एकेकाने सरकते, पण महिना अर्धा सरकत नाही.

बर्फ १ ला असताना काय होतं ते बघ. सुरमईवाला होडीवाल्याला दोनने हरवतो, ३५ ला ३३. होडीवाला बर्फवाल्याला एकने हरवतो, ३३ ला ३२, कारण त्याच्यावर घातलेला बर्फ वाया जातो. आणि बर्फवाला सुरमईवाल्याला दोनने हरवतो, ३२ ला ३०, कारण हॉटेलवाला कुणालाच मिळत नाही. तिघे एकमेकांच्या मागे गोल धावताहेत. एकही रस्ता इतर दोघांच्या वर नाही.

आर्या_दापोली

मी बंड्यादादाची बहीण. ताई, पण मी नेहमी दुसरी खेळते आणि दादाने सप्टेंबरात काय घेतलं ते बघूनच माझं ठरवते. मग गोल कुठे राहिला?

विद्या_रत्नागिरी

बरोबर पकडलंस, हे माझ्याकडून निसटलं. समोरच्याचा रस्ता दिसला की उत्तर तयारच असतं. मग दर महिन्याला दोघांनी आपले पत्ते पालथे ठेवायचे आणि एकदम उलटायचे. आधी बर्फ लागू होईल, मग खरेदी.

आणि ऑगस्टात काही घेऊ नका. ऑगस्टात बांगडा घेतला तर सप्टेंबरात सुरमईला चिंचोके पुरत नाहीत, आणि समोरच्यालाही कळतं की आपण हॉटेलवाल्याच्या मागे आहोत. तो बर्फ घेऊन बसतो.

संगणक_चिपळूण

मी काल याचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि मशीनकडून १०,००० डाव खेळवले, दोन्ही बाजू मनाला येईल तशा पत्ते उचलणाऱ्या. कुठलीही सुरुवात फारशी पुढे नाही. म्हणजे खेळ समतोल आहे. एवढा खल कशाला?

विद्या_रत्नागिरी

बंड्याचा जुना खेळही, तीन होड्यांचा, याच प्रोग्रामवर चालवून बघा. जो माणूस होडी घेऊन नंतर चिंचोके नुसते साठवत बसतो किंवा मार्चमध्ये आणखी एक होडी घेतो, त्याला होडीचा फायदा मिळतच नाही. मनाला येईल तसं खेळणारा चांगला पत्ताही वाया घालवतो, म्हणून सगळे पत्ते सारखेच दिसतात. सुरुवात जड आहे का, हे ती सुरुवात नीट वापरणाऱ्याच्या हातातच कळतं.

प्रोग्राम मात्र टाकू नका, तो कामाचा आहे. पहिले तीन महिने ठरलेल्या रस्त्याने आणि पुढे मिळेल त्यात सगळ्यात महाग मासा, असा खेळाडू बसवा.

संगणक_चिपळूण

जुना खेळ चालवला. होडीवाला थोडाच पुढे दिसतो, कागदावरचे पंधरा गुण कुठेच नाहीत. पटलं. खेळाडू सुधारतो.

आर्या_दापोली

सगळ्यांनी थांबा. मला सगळ्यांना हरवणारा रस्ता सापडलाय. काल दादाला पाचही डावांत हरवलं.

ऑगस्टातच बर्फ १ ला घ्यायचा आणि सुरमई स्वतःसाठी झाकायची. उरलेल्या २ चा बांगडा घ्यायचा. सप्टेंबरात ३ ठेवायचे, ऑक्टोबरात ६ होतात, आपली झाकलेली सुरमई घ्यायची आणि हॉटेलवाला आपला. माझ्या सुरमईला कुणी हात लावू शकत नाही, आणि मी काय करतेय ते दिसलं तरी काही बिघडत नाही!

विद्या_रत्नागिरी

आर्या, मी तीन वेळा हिशेब केला. तीस, वजा बर्फाचा एक, अधिक पाच, म्हणजे ३४. होडीवाला ३३, बर्फवाला ३२ आणि त्याचा बर्फ वाया, सुरमईवाला ३०. तू सगळ्यांच्या वर आहेस. आपण सगळ्यांना हरवणारा एक रस्ता बुजवला आणि दुसरा उघडला.

आणि ही चूक किमतीने दुरुस्त होणार नाही. बर्फ २ ला केला तर तुझे ऑगस्टात २ जातात, १ उरतो, सप्टेंबरात ४, ऑक्टोबरात ७. त्यात सुरमई येते, बांगडा राहतो, म्हणजे तू अडतेस. पण त्याबरोबर होडी-बर्फाचा रस्ताही मरतो आणि आपण पुन्हा दोन रस्त्यांवर येतो. एकाच पत्त्याला दोन कामं आहेत, अडवणं आणि राखणं. यातलं एक काढायला हवं.

तांडेल_वेंगुर्ला

ह्यात काय कठीण आसा? बर्फातलो मासो हॉटेलवालो ताजो म्हणान घेणा नाय. झाकलेली सुरमय पोटाक चलता, हॉटेलवाल्याक चलना नाय. नियम झालो.

हर्णैचा_बंड्या

काका!! 'बर्फात घातलेला मासा हॉटेलवाल्याला चालत नाही.' पत्त्यावर लिहूनसुद्धा झालं.

विद्या_रत्नागिरी

उत्तम. कुठलीही किंमत न हलवता आर्याचा रस्ता बंद झाला आणि बाकीचे तीन जसेच्या तसे राहिले. मला हे सुचलं नसतं, मी आकड्यातच शोधत होते.

हर्णैचा_बंड्या

आठवडाभर खेळलो, वेगवेगळ्या लोकांशी, आणि प्रत्येकाने काय घेतलं ते वहीत टिपलं. आता कुणी एकाच रस्त्याने जात नाही. फक्त सुरमईचा रस्ता फारच कमी जण घेतात. हॉटेलवाल्याचे ५ चे ६ गुण करतो, म्हणजे लोक त्याच्या मागे लागतील. ठीक ना?

विद्या_रत्नागिरी

नको, उलटं होईल. हे थोडं सावकाश सांगते, कारण मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

असं समज की दोन्ही खेळाडू हुशार आहेत आणि कुणीच दुसऱ्याला आपला अंदाज बांधू देत नाही. मग रस्ते अशा प्रमाणात मिसळावे लागतात की समोरच्याला तिन्ही रस्ते सारखेच वाटतील. त्याला एखादा रस्ता जास्त फायद्याचा दिसला, तर तो तिकडेच जाईल आणि आपण हरू. तीन रस्त्यांच्या अशा गोलात हे प्रमाण काढायला सोपं आहे. प्रत्येक रस्त्याचा वाटा बाकीच्या दोघांमधल्या फरकाएवढा असतो.

होडी आणि बर्फ यांत फरक १, म्हणून सुरमईचा वाटा १. सुरमई आणि बर्फ यांत फरक २, म्हणून होडीचा वाटा २. सुरमई आणि होडी यांत फरक २, म्हणून बर्फाचा वाटा २. म्हणजे पाचांत एकदा सुरमई, दोनदा होडी, दोनदा बर्फ. तुझ्या वहीत सुरमई कमी दिसते ती याचमुळे. लोक हिशेब न करता बरोबर खेळताहेत.

आता हॉटेलवाला ६ चा कर. बदललं काय? सुरमई होडीला तीनने हरवते. हा फरक कुणाचा वाटा ठरवतो? बर्फाचा. वाटे झाले १, २, ३. सुरमई पाचांत एकदा होती ती सहांत एकदा झाली, आणि बर्फ निम्म्या डावांत आला. बक्षीस वाढलं की त्याची भीती वाढते, आणि अडवणाऱ्यांची गर्दी होते.

संगणक_चिपळूण

ताई, इथे मी अडणार. हा सगळा हिशेब गुणांच्या फरकावर आहे. पण एकने जिंकलं काय आणि तीनने जिंकलं काय, जिंकलं म्हणजे जिंकलं. तसं मोजलं तर तिन्ही रस्ते एकतृतीयांश व्हायला हवेत, हॉटेलवाला पाचाचा असो की सहाचा.

विद्या_रत्नागिरी

नोव्हेंबरनंतर खेळात नशीब नसतं तर तुम्ही पूर्ण बरोबर असता. पण नंतर ओळीत कोणते मासे येतील ते पत्ते पिसण्यावर आहे. एका गुणाची आघाडी तिथे सहज बुडते, तीनची तेवढी सहज बुडत नाही. म्हणून खरं उत्तर तुमच्या आणि माझ्या मध्ये कुठेतरी आहे. कुठे, ते तुमचा सुधारलेला प्रोग्राम सांगू शकेल. मला कागदावर काढता येणार नाही.

संगणक_चिपळूण

काढतो. निकालात फक्त जिंकला-हरला मोजतो.

हर्णैचा_बंड्या

मग सुरमईच्या रस्त्यावर माणसं आणायची तर करू काय? तो पत्ता सगळ्यांत देखणा आहे, आर्याने रंगवलाय.

विद्या_रत्नागिरी

सुरमईचा वाटा होडी-बर्फातल्या फरकाने ठरतो, आणि तो फरक म्हणजे बर्फाची किंमत. तेव्हा बर्फ महाग करायचा. पण चिंचोक्यात २ केला की महिना हुकतो, हे आपण बघितलं. म्हणून जास्तीची किंमत चिंचोक्यात घेऊ नकोस, गुणांत घे. बर्फ घेताना १ चिंचोका, आणि हंगामाच्या शेवटी १ गुण वजा. सप्टेंबरातले सहा पुरतात, होडी वेळेवर येते, आणि किंमत मात्र दोनची झाली.

आता होडी बर्फाला दोनने हरवते, बर्फ सुरमईला एकने, सुरमई होडीला दोनने. वाटे : सुरमई २, होडी १, बर्फ २. हॉटेलवाल्याला हातही न लावता सुरमईचा वाटा दुप्पट झाला.

तांडेल_वेंगुर्ला

गुण कित्या वजा? बर्फातल्या माशाचो भाव उतरता, म्हणान. तसा लिव पत्त्यार, मगे पोरांच्या ध्येनात ऱ्हवता.

आर्या_दापोली

एक राहिलं. आम्ही दोघांनी सप्टेंबरात एकदम सुरमई उलटली तर ती कुणाची? काल तसंच झालं आणि भांडण झालं. दादा म्हणतो तो मोठा, म्हणून त्याची.

नाना_कुडाळ

आता मला बोलू द्या. दशावतारी गंजिफेत उतारी कुणाची हे असंच ठरवून टाकलेलं आहे. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे राम तो सुरू करतो, रात्री बसलात तर ज्याच्याकडे कृष्ण तो. तुम्हीही दिवसा एकाची, रात्री दुसऱ्याची असं ठरवा.

विद्या_रत्नागिरी

नाना, सुंदर आहे, आणि मोठेपणापेक्षा न्यायाचंही. पण ज्याला आधीच माहीत आहे की आज सुरमई माझी, तो ती जास्त वेळा घेईल, आणि समोरचा ते ओळखून बर्फ घेईल. पाच गुण एका बाजूला झुकले की तिघांचा गोल दोघांसाठी वेगळा होतो.

कुणाला जास्तीचे चिंचोके देऊन भरपाई करावी, तर तीही नीट बसत नाही. एक-दोन दिले तरी त्याला सुरमई लवकर मिळत नाही, उलट दोन दिले तर तो ऑगस्टातच पाचची होडी घेतो. तीन दिले तर ऑगस्टातच सुरमई उचलतो. जपानी 'गो' खेळात पांढऱ्याला उशिरा सुरू करण्याची भरपाई साडेसहा गुणांनी देतात, आणि ती शेवटी मोजतात, सुरुवातीला सोंगट्या देत नाहीत. भरपाई द्यायचीच तर तशी, शेवटी गुणांत.

तांडेल_वेंगुर्ला

बंदरार दोघांचो हात एकदम वर गेलो तर लिलाव वाढता.

हर्णैचा_बंड्या

हर्णैच्या लिलावात मी लहानपणापासून उभा राहतोय, तरी हे सुचलं नाही. पण सप्टेंबरात दोघांकडे सहाच असतात आणि सुरमईच सहाची. बोली कशाने वाढवणार?

तांडेल_वेंगुर्ला

गुणांनी वाढव. ताईनच सांगितल्यान मगाशी.

विद्या_रत्नागिरी

गुणांत बोली लावली तर दोघंही पाचाच्या आसपास जातील, कारण हॉटेलवाला पाचाचाच आहे. म्हणजे जिंकणाऱ्याच्या हातात फारसं उरणार नाही आणि डाव जवळपास बरोबरीचा राहील. दुसरा पर्याय सोपा आहे. दोघांचे पत्ते एकदम पडले तर सुरमई निसटली, पाण्यात गेली, कुणालाच नाही, सहा चिंचोके परत. तीही बरोबरीच. कागदावर दोन्ही सारखे आहेत. टेबलावर सारखे वाटतील का, ते मला सांगता येत नाही.

आर्या_दापोली

पाण्यात गेली तर मला वाईट वाटेल. लिलाव बरा.

हर्णैचा_बंड्या

रविवारी अंगणात आठ जण जमतायत. दोन जोड्या लिलावाने, दोन पाण्याने, मग अदलाबदल. ताई, वहीत नेमकं काय टिपू?

विद्या_रत्नागिरी

कोण जिंकलं ते शेवटी लिही. आधी प्रत्येकाने सप्टेंबरात काय उलटलं ते, आणि दोघांचे ऑक्टोबरअखेरचे चिंचोके. जोड्यांत तेच दोघं असू देत, फक्त नियम बदल. आणि मावसभावाला सगळ्यांशी एकेकदा तरी बसव.

संगणक_चिपळूण

माझं पहिलं उत्तर आलंय. जिंकणं-हरणं मोजून, बर्फाचा एक गुण वजा धरून, सुरमईचा वाटा ताईंच्या दोनपंचमांशापेक्षा कमी येतो, एकतृतीयांशापेक्षा जास्त. पण नोव्हेंबरनंतरचा माझा खेळाडू अजून हावरट आहे, दर वेळी सगळ्यात महाग मासाच घेतो. तो बदलला की आकडा हलेल. रविवारची वही मिळाली तर त्याच्याशी ताडून बघतो.

तांडेल_वेंगुर्ला

रविवारी मी येतंय. चिंचोके आमच्याकडचे आणतंय, तुमचे बारीक आसत.